केवड्याच्या वेबिनारचे निमंत्रण मी पुन्हा लिहिले तेव्हा

निफाड तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात मी काम करते. सभासदांना पाठवायचे सगळे निरोप माझ्याकडूनच जातात. मागच्या वर्षी, म्हणजे 2025 च्या ऑक्टोबरमध्ये, द्राक्षबागेत फळछाटणीनंतर येणाऱ्या केवडा रोगावर एका अनुभवी रोगशास्त्रज्ञांचा वेबिनार आम्ही ठरवला होता. त्याची निमंत्रण पोस्ट एका सहकाऱ्याने तयार केली होती आणि ती आमच्या तीन व्हॉट्सॲप गटांवर टाकून दोन दिवस झाले, तरी फक्त अकरा जणांनी नाव नोंदवले. विषय निकडीचा होता, कारण अनेक बागांत कोंब नुकतेच फुटत होते आणि याच कोवळ्या अवस्थेपासून मणी धरेपर्यंत केवडा घडाचे सर्वांत जास्त नुकसान करतो. त्यामुळे दोष विषयाचा नसून निमंत्रणाचा असावा असे मला वाटले, आणि ते नव्याने लिहिण्याची परवानगी मी मागून घेतली.

मूळ पोस्ट सुमारे तीनशे शब्दांची होती. ‘आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की’ अशी तिची सुरुवात होती. त्यानंतर कंपनीची वाटचाल, वक्त्यांच्या पदव्या, त्यांनी भूषवलेली पदे आणि आयोजकांचे आभार असा मजकूर येत होता. तारीख आणि वेळ चौदाव्या ओळीत होती. व्हॉट्सॲप लांब संदेश मध्येच कापते आणि खाली ‘Read more’ दाखवते, आणि आमची तारीख नेमकी त्या रेषेच्या पलीकडे गेली होती. पोस्टमध्ये तीन लिंक होत्या. पहिली आमच्या यूट्यूब वाहिनीची, दुसरी कंपनीच्या पानाची आणि तिसरी नोंदणीच्या फॉर्मची.

काहीही बदलण्यापूर्वी मी शेजारच्या बागेतल्या काकांना ती पोस्ट त्यांच्याच मोबाइलवर वाचायला सांगितली आणि मी शेजारी उभी राहिले. त्यांनी पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या, अंगठ्याने मजकूर वर सरकवला, पहिली निळी लिंक दाबली, आणि जुन्या मेळाव्याचा व्हिडिओ सुरू झाला. ते म्हणाले, “ताई, हे तर बघून झालंय. मग मी नक्की काय करायचं?” त्यांनी नोंदणी झाली असे गृहीत धरले नव्हते, हे त्यातल्या त्यात बरे. पण त्यांना काय मिळणार, कधी यायचे आणि काय करायचे, या तिन्हींपैकी एकाही गोष्टीचा पत्ता पोस्टने लागू दिला नव्हता.

सुरुवात लाभापासून केली. मूळ पोस्टमध्ये ‘द्राक्ष पिकातील रोग व्यवस्थापनाविषयी सखोल मार्गदर्शन’ असे लिहिले होते. हे वाक्य कोणत्याही वर्षी, कोणत्याही वक्त्याला चालले असते. माझा पहिला मसुदा असा होता: ‘पानावरचे तेलकट डाग ओळखा आणि निम्म्या फवारण्या वाचवा.’ तो मला फार आवडला होता. वक्त्यांना फोन करून वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी दोन्ही भाग नाकारले, आणि त्यांची कारणे ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की लाभाचे वाक्य वक्त्याला विचारूनच लिहायला हवे होते.

ते म्हणाले की पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसते, तेव्हा संसर्ग होऊन काही दिवस उलटलेले असतात, त्यामुळे डाग पाहून फवारणीला निघणारा माणूस उशिराच निघतो. त्यांना शिकवायचे होते ते डागाच्या आधीचे. पाऊस किंवा दव पडल्यावर पान किती वेळ ओले राहिले आणि कोंब कोणत्या अवस्थेत आहे, यावरून धोका कसा ओळखायचा, हे ते वेबिनारमध्ये दाखवणार होते. निम्म्या फवारण्यांबद्दल त्यांचे म्हणणे असे होते की सतत पाऊस असलेल्या हंगामात असे वचन कोणीही देऊ शकत नाही, आणि ते निमंत्रणात छापले तर वेबिनार संपेपर्यंत पहिला प्रश्न त्यावरच येत राहील. मी ते वाक्य काढून टाकले. वक्ता जे दाखवू शकत नाही ते निमंत्रणाने देऊ नये, ही साधी गोष्ट माझ्या घाईत सुटली होती.

मग लाभ असा झाला: ‘पान किती वेळ ओले राहिले आणि कोंब कोणत्या अवस्थेत आहे, यावरून फवारणी लगेच करायची की थांबता येईल, हे ठरवायला शिका.’ या वाक्यात माझे स्वतःचे विशेषण एकही नाही. आधी मी ‘आज करायची की’ असे लिहिले होते, पण संदेश पुढे पाठवला जातो आणि तीन दिवसांनी वाचला जातो, तेव्हा ‘आज’ आणि ‘उद्या’ हे शब्द चुकीचा दिवस सांगतात. म्हणून ते दोन्ही शब्द निमंत्रणात कुठेच येऊ दिले नाहीत.

यानंतर वेळ. इथे मला मूळ पोस्टमधली एक मोठी चूक सापडली. ‘गुरुवार, दि. १० ऑक्टोबर’ असे छापले होते, आणि दिनदर्शिकेत गुरुवार ९ तारखेला होता. वक्त्यांनी गुरुवारच गृहीत धरला होता, तर ज्यांनी नोंदणी केली होती त्यांच्यापैकी काही जण १० तारीख लक्षात ठेवून बसले होते. अकरा जणांना मी एकेक फोन करून सांगितले. तेव्हापासून वार आणि तारीख दोन्ही लिहायच्या आणि दोन्ही दिनदर्शिकेवर बोट ठेवून तपासायच्या, असे मी ठरवले. फक्त तारीख लिहिली असती, तर ही चूक कोणाला कळलीच नसती.

वेळही तपासली. सायंकाळी ४ ते ५.३० असे ठरले होते. छाटणी, पेस्ट आणि फवारणीच्या दिवसांत चार वाजता बागायतदार बागेत असतो, आणि त्याच्या हातात मोबाइल असला तरी तो कानाला लावलेला असतो. वक्त्यांना मी ही अडचण सांगितली आणि त्यांनी ७.३० ते ८.३० मान्य केले. संपण्याची वेळ लिहिण्याचा आग्रह मी धरला, कारण तासाभरात मोकळे होऊ हे ठाऊक असले की रात्रीच्या जेवणाआधी माणूस बसायला तयार होतो. ती वेळ लिहिताना मला आणखी एक गोष्ट आठवली. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांनी बंद होते आणि एका वेळी जास्तीत जास्त शंभर जणच जोडले जाऊ शकतात. आपण तासाचे आश्वासन देणार आणि खाते ४० मिनिटांचे, हे चालणार नव्हते. वक्त्यांच्या संस्थेकडे पैसे भरलेले खाते होते, ते त्यांनी वापरू दिले. निमंत्रण लिहायला बसल्यामुळे ही अडचण आठवडाभर आधी समोर आली, एरवी ती ४१ व्या मिनिटाला आली असती.

सर्वांत जास्त वेळ नोंदणीने घेतला. काकांच्या मोबाइलवर मी या वेळी थेट फॉर्मची लिंक उघडली, तर गूगलने आधी साइन-इन करायला सांगितले. त्यांना आपल्या ई-मेलचा पासवर्ड आठवेना, आणि आठवण्याचे काही कारणही नव्हते. फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये ‘Limit to 1 response’ सुरू केलेले होते. एका माणसाने दोनदा नाव भरू नये म्हणून ते सुरू केले असावे, पण ते सुरू असले की फॉर्म भरणाऱ्याला गूगल खात्यात साइन-इन करावेच लागते. मी ते बंद केले. दोनदा आलेली नावे यादीतून काढणे हे माझे पाच मिनिटांचे काम आहे, आणि साइन-इनच्या पायरीवर परत गेलेला माणूस मात्र मला दिसतही नाही. हे तपासायचे असेल, तर ब्राउझरच्या खासगी विंडोत लिंक उघडून पाहावे. तिथे थेट प्रश्न दिसले, तर सर्वांना तेच दिसतील.

फॉर्ममध्ये नऊ प्रश्न होते. क्षेत्र, वाण, छाटणीची तारीख, मागील वर्षीचे उत्पादन वगैरे. ते सर्व वक्त्यांना उपयोगी पडले असते, हे मला मान्य आहे. पण नोंदणीच्या क्षणी ते विचारणे म्हणजे दार उघडण्याआधीच चौकशी करणे. मी नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक हे तीनच ठेवले. छाटणीची तारीख आम्ही वेबिनारच्या सुरुवातीला गप्पांच्या खिडकीत विचारली. फॉर्मचे शीर्षक ‘Webinar Reg Final 2’ असे होते, आणि व्हॉट्सॲपवर लिंक टाकल्यावर खाली उमटणाऱ्या चौकटीत तेच दिसत होते. ते बदलून मी ‘केवडा वेबिनार: नाव नोंदणी’ केले. फॉर्म पाठवल्यानंतर दिसणाऱ्या ‘Confirmation message’मध्ये झूमची लिंक, वार, तारीख आणि वेळ घातली, त्यामुळे निमंत्रणात झूमची लिंक देण्याची गरज उरली नाही. संदेशात आता फक्त एकच लिंक राहिली, आणि ती शेवटी, स्वतःच्या ओळीवर.

रेकॉर्डिंग मिळेल असे लिहावे, असा कार्यालयातील काहींचा आग्रह होता. मी तो मानला नाही. रेकॉर्डिंगचे आश्वासन वाचले की बरेच जण ‘नंतर पाहू’ म्हणतात, आणि केवड्याच्या बाबतीत नंतर पाहण्याचा उपयोग नसतो. नोंदणी केलेल्यांना ते आम्ही दुसऱ्या दिवशी पाठवले.

शेवटी पाठवलेला संदेश असा होता:

*द्राक्ष: केवडा दिसण्याआधी धोका ओळखा*

पान किती वेळ ओले राहिले आणि कोंब कोणत्या अवस्थेत आहे, यावरून फवारणी लगेच करायची की थांबता येईल, हे ठरवायला शिका. फळछाटणी झालेल्या बागांसाठी.

*गुरुवार, ९ ऑक्टोबर, सायंकाळी ७.३० ते ८.३०*
घरबसल्या मोबाइलवर, मोफत.

बुधवार, ८ ऑक्टोबर, रात्री ९ पर्यंत नाव नोंदवा. फक्त नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक:
(फॉर्मची लिंक)

ताऱ्याच्या खुणा अक्षरांना चिकटून दिल्या, कारण मध्ये मोकळी जागा सुटली की ठळक अक्षरांऐवजी नुसते तारेच दिसतात. वक्त्यांचे नाव मी मूळ संदेशातून काढले. त्यांना विचारूनच काढले, आणि फॉर्मच्या वरच्या भागात दोन ओळींत त्यांचा परिचय दिला. ज्याला कोण बोलणार आहे हे जाणून घ्यायचे असेल, त्याला तो एका दाबाच्या अंतरावर होता.

पाठवण्याआधी काकांना पुन्हा वाचायला दिला. त्यांनी पूर्ण वाचला, एक क्षण थांबले, लिंक दाबली आणि गावाचे नाव टाइप करू लागले. मग मान वर न करता त्यांनी विचारले, “घरातून दोघं बसलो तर चालेल ना, एकच नाव दिलं तरी?” मी हो म्हटले. हा प्रश्न आणखी कोणाच्या मनात येऊ शकतो, म्हणून फॉर्मच्या शीर्षकाखाली एक ओळ वाढवली: ‘एका मोबाइलवर घरातील सर्वांनी पाहिले तरी चालेल.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत यादीत चौसष्ट नावे होती.