चाळीस नगांची एक ऑर्डर: यूएटी स्क्रिप्ट लिहितानाचा माझा अनुभव

नागपुरातल्या एका वितरकाकडे विक्री, साठा आणि हिशोब एकत्र सांभाळणारी नवीन ईआरपी सिस्टीम बसवताना ऑर्डर-टू-कॅशच्या, म्हणजे ऑर्डरीपासून वसुलीपर्यंतच्या, यूएटी स्क्रिप्ट लिहायचं काम माझ्याकडे होतं. यूएटी म्हणजे सिस्टीम स्वीकारण्याआधी ती वापरणाऱ्यांनीच करायची चाचणी, आणि स्क्रिप्ट म्हणजे तिच्या पायऱ्यांची यादी. कन्सल्टंटनं दिलेल्या नमुन्यात प्रत्येक पायरीपुढे अपेक्षित निकाल म्हणून "इन्व्हॉइस तयार होईल" असंच लिहिलेलं होतं. इन्व्हॉइस तर चुकीच्या रकमेचंही तयार होतं. म्हणून मी त्या रकान्यात फक्त आकडे लिहायचे ठरवले, तेही सिस्टीम उघडण्याआधी, कागदावर हिशोब करून. सिस्टीममध्ये आलेला आकडा पाहून स्क्रिप्टमध्ये उतरवला, तर सिस्टीम स्वतःचीच परीक्षा स्वतः तपासते.

सगळ्यात कामाची ठरली ती एकच स्क्रिप्ट. गोदाम हिंगण्याला, खरेदीदार नागपूरचा कंत्राटदार, पण माल उतरवायचा त्याच्या छिंदवाड्याच्या ग्राहकाकडे. ४० नग, दर २,५०० रुपये, सूट ४ टक्के, वाहतूक ३,००० रुपये, जीएसटी १८ टक्के. गोदामात मुद्दाम २५ नगच ठेवायचे, म्हणजे डिलिव्हरी दोनदा करावी लागते. या एका ऑर्डरीत करनिश्चिती, अर्धवट डिलिव्हरी, ई-वे बिल आणि वसुली असं सगळंच तपासून होतं.

आधी कर. बिल नागपूरच्या नावानं आणि माल मध्य प्रदेशात, अशा वेळी बहुतेकांना आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी लागेल असं वाटतं. पण खरेदीदाराच्या सांगण्यावरून माल तिसऱ्याकडे पोचवला, तर पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे त्या खरेदीदाराचं मुख्य व्यवसायस्थळ, असं आयजीएसटी कायद्याच्या कलम १०(१)(ख) मध्ये आहे. इथे ते महाराष्ट्र, म्हणून ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. कॉन्फिगरेशनमध्ये कर बिल-टू, म्हणजे बिल ज्याच्या नावानं त्याच्या राज्यावरून न ठरवता शिप-टू, म्हणजे माल जिथे उतरतो तिथल्या राज्यावरून ठरवला असेल तर आयजीएसटी लागतो, आणि ही चूक एरवी दिसतच नाही, कारण इतर सगळ्या चाचण्यांत बिल-टू आणि शिप-टू एकच असतात. स्क्रिप्टमध्ये त्यामुळे दोन्हींचे राज्य कोड लिहिले, बिल-टू २७ आणि शिप-टू २३, आणि अपेक्षित निकालात "आयजीएसटी शून्य" असं स्वतंत्र वाक्य घातलं.

मग वाहतूक. ३,००० रुपये पूर्ण ऑर्डरीवर लावलेले आहेत. पहिल्या डिलिव्हरीच्या बिलात पूर्ण ३,००० यावेत, की नगांच्या प्रमाणात? याचं उत्तर सिस्टीमला विचारायचं नसतं. विक्री विभागाकडून मी ते लेखी घेतलं: प्रमाणात. न सांगता सोडलं, तर ठरावीक रक्कम दोन्ही बिलांत पूर्ण लागून ग्राहकाकडून ६,००० घेतले जाऊ शकतात. वाहतूक करपात्र मूल्यात धरायची, हेही त्याच ओळीत लिहिलं.

पहिल्या बिलाचा हिशोब असा. २५ नगांचे ६२,५००, सूट २,५००, उरले ६०,०००. वाहतूक १,८७५. करपात्र रक्कम ६१,८७५. सीजीएसटी ५,५६८.७५ आणि एसजीएसटीही तेवढाच. बेरीज ७३,०१२.५०, म्हणजे बिल ७३,०१३ आणि पन्नास पैसे राउंड-ऑफ खात्यात. दुसरं बिल १५ नगांचं: ३६,००० अधिक १,१२५, कर ६,६८२.५०, बेरीज ४३,८०७.५०, बिल ४३,८०८.

आता दोन्ही बिलांची बेरीज करून पहा, १,१६,८२१ येते. ऑर्डर मात्र १,१६,८२० ची. हा एक रुपया बरोबर आहे, कारण दोनदा पन्नास पैसे वर गेले. स्क्रिप्टमध्ये हे आधी लिहिलं नसतं तर तपासणाऱ्यानं दोष म्हणून नोंदवला असता आणि दोन दिवस त्यावर चर्चा झाली असती. अशी स्पष्टीकरणं मी अपेक्षित निकालाखालीच, एका ओळीत लिहितो.

ई-वे बिलाची, म्हणजे गाडीसोबत लागणाऱ्या मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याची पायरी अशीच फसवी. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीला मर्यादा एक लाखाची, आंतरराज्य वाहतुकीला पन्नास हजारांची. इथे कर राज्यांतर्गत पद्धतीचा, पण गाडी सावनेरमार्गे राज्याबाहेर जाते. म्हणून ७३,०१३ च्या पहिल्या बिलाला ई-वे बिल हवंच. ४३,८०८ च्या दुसऱ्याला रकमेच्या हिशोबानं बंधन नाही. सिस्टीम कराच्या प्रकारावरून मर्यादा निवडत असेल, तर पहिल्या गाडीलाही ती ई-वे बिल मागणार नाही, पडद्यावर कसलीही लाल ओळ येणार नाही आणि गाडी रस्त्यात अडेल. अपेक्षित निकाल दोन्ही बिलांसाठी वेगळा लिहावा लागतो, तो यामुळे. चाचणीआधी टेस्ट सिस्टीम ई-इन्व्हॉइसच्या सँडबॉक्सला, म्हणजे चाचणीच्या पोर्टललाच जोडलेली आहे ना, हेही पाहून घ्यायचं, नाहीतर खऱ्या पोर्टलवर बिलाचा खरा नोंदणी क्रमांक, आयआरएन, निघतो.

शेवटची पायरी वसुलीची, आणि तिच्यावर सगळे घाई करतात. ग्राहक खरेदीवरचा ०.१ टक्का टीडीएस कापतो असं धरलं, तर करपात्र ९९,००० वर ९९ रुपये होतात. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असल्यानं त्यावर कपात नाही. बँकेत १,१६,७२२ येतात. अपेक्षित निकाल: दोन्ही बिलांची बाकी शून्य, ९९ रुपये टीडीएस येणे खात्यात. या सिस्टीममध्ये किरकोळ फरक आपोआप सोडून देण्याची मर्यादा १०० रुपये ठेवलेली होती. मर्यादेपेक्षा एक रुपया कमी असल्यानं ९९ रुपये गुपचूप किरकोळ फरकाच्या खर्चात गेले. ग्राहकाची बाकी शून्य दिसली, तपासणाऱ्यानं हिरवी खूण केली. मी फक्त "बाकी शून्य" लिहिलं असतं तर ते बरोबरच ठरलं असतं. खात्याचं नाव आणि रक्कम लिहिलेली होती, म्हणून अकाउंट्सच्या ताईंनी जर्नल उघडून पाहिलं आणि लगेच सांगितलं, "सर, हे टीडीएसला गेलंच नाही." वर्षभरात अशी शेकडो बिलं आली असती, तर कापलेला टीडीएस कंपनीच्या हिशोबात येणे म्हणून कधी दिसलाच नसता.

स्क्रिप्ट प्रत्यक्ष चालवताना अडलं ते साठ्यावर. २५ नग ठेवलेले होते, तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरच्या तपासणाऱ्यानं त्यातले १० आपल्या ऑर्डरीला वापरले. पहिली डिलिव्हरी १५ चीच झाली आणि पुढचे सगळे आकडे कोसळले. दोष सिस्टीमचा नव्हता. त्यानंतर या स्क्रिप्टसाठी वेगळा मटेरियल कोड आणि वेगळा ग्राहक कोड तयार केला, ज्यांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पहिली पायरी आता "साठा तपासा: २५, नसेल तर थांबा" अशी आहे. दुसऱ्या डिलिव्हरीआधी १५ नग आवक करण्याची पायरीही क्रमांकासह घातली.

प्रत्येक पायरीला दस्तऐवज क्रमांकाचा एक रिकामा रकाना ठेवला: ऑर्डर, डिलिव्हरी, बिल, जर्नल, पावती. पुढची पायरी मागच्या क्रमांकापासूनच सुरू होते, कारण हिंगण्याचा डिस्पॅचवाला आणि ऑफिसातला अकाउंटंट वेगवेगळ्या दिवशी बसतात. दोष दुरुस्त झाला की मात्र जुन्या क्रमांकावर पुढे जायचं नाही. किरकोळ फरकाची मर्यादा बदलल्यावर आम्ही नवी ऑर्डर, नवा साठा घेऊन पहिल्या पायरीपासून पुन्हा चालवली, आणि ९९ रुपये योग्य खात्यात दिसले तेव्हाच अकाउंट्सची सही घेतली.