भाच्याच्या फोटोतून त्याची ग्रिप आणि स्टान्स सुधारताना

माझी ताई सांगलीला असते. तिचा मुलगा यंदा लेदर बॉलच्या शिबिराला जायला लागला आणि लगेच फलंदाजीच्या पोझमधला फोटो मला आला. ‘मामा, बरोबर आहे का बघ ना.’ मी पुण्यात सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना फलंदाजी शिकवतो, त्यामुळे असे फोटो नेहमी येतात. हा फोटो बोलरच्या बाजूने, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला होता. तेवढ्यावरून सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं.

वरून काढलेल्या फोटोत मूल आहे त्यापेक्षा जास्त वाकलेलं दिसतं. जवळून वाइड लेन्सने काढला तर डोकं मोठं आणि पाय लहान दिसतात. म्हणून ताईला सांगितलं, की पाच-सहा पावलं मागे जा, मोबाइल त्याच्या कमरेच्या उंचीवर धर, कॅमेऱ्यातल्या ग्रिडच्या रेषा चालू कर आणि फ्रेममध्ये स्टंप येऊ दे. स्टंप सरळ दिसले म्हणजे मोबाइल तिरका नाही याची खात्री होते. फोटो तीन हवेत: एक बोलरच्या बाजूने, एक पॉइंटवरून म्हणजे त्याच्या छातीसमोरून, आणि एक विकेटकीपरच्या जागेवरून, जरासं ऑफला सरकून. हा तिसरा फोटो सहसा कोणी काढत नाही, पण ग्रिपची खरी गोष्ट त्यातच दिसते.

कारण असं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी ‘व्ही’सारखा जो आकार तयार होतो, तो बॅटच्या पाठीकडे असतो आणि बॅटची पाठ कीपरकडे. उजव्या फलंदाजाच्या दोन्ही हातांचे व्ही एका ओळीत यायला हवेत. बॅटच्या पाठीवर मधोमध जो उंचवटा असतो तो आणि बॅटची बाहेरची कड, यांच्या साधारण मध्ये ती ओळ दांड्यावर वर जाते. भाच्याचा डावा हात बरोबर होता. उजवा मात्र दांड्याच्या खालून वळलेला, त्याचा व्ही उंचवटा ओलांडून अंगाच्या बाजूला गेलेला. ताईला विचारलं, ‘सरळ मारायला गेला की चेंडू कुठे जातो गं?’ ‘नेहमी डावीकडे, आणि बऱ्याचदा हवेत,’ ती म्हणाली. खालचा हात असा वळला की फटका मारताना तोच जोर लावतो, पुढचं कोपर वर जात नाही आणि बॅटचा चेहरा लेगकडे मिटतो. मग चेंडू मिडऑन-मिडविकेटकडे जाणारच.

पॉइंटवरच्या फोटोत दुसरी गोष्ट दिसली. दोन हातांत तीन-चार बोटांचं अंतर होतं आणि दांड्याचा बराच भाग वरच्या हाताच्याही वर, पोटाजवळ मोकळा उरला होता. नवशिक्या मुलाचे हात असे खाली आणि लांब-लांब दिसले, की मी आधी बॅटबद्दल विचारतो. ही बॅट मोठ्या चुलत भावाची निघाली, हॅरो साइजची. ती साधारण सव्वापाच-साडेपाच फूट उंचीच्या मुलांसाठी असते आणि हा अजून पाच फूटही नाही. लांब आणि जड बॅट पेलायची म्हणून त्याने स्वतःच हात खाली नेले, एकमेकांपासून लांब ठेवले आणि खालच्या हाताने दांडा खालून उचलून धरला. म्हणजे ग्रिपचे दोन्ही दोष बॅटमुळेच आले होते. तिसराही निघाला, पण तो पुढे सांगतो.

दाजींचं म्हणणं, ‘अरे, सचिनही दांडा खालीच धरायचा आणि जड बॅट वापरायचा.’ खरं आहे. पण त्याचे दोन्ही हात खाली असले तरी एकमेकांजवळ असत आणि ती जड बॅट पेलण्याची ताकद त्याच्या मनगटांत होती. अकरा वर्षांच्या मुलाला जड बॅट हलकी वाटावी म्हणून खाली धरावी लागत असेल, तर ती त्याची शैली नव्हे, ती त्याची ओढाताण आहे.

बॅट बदलताना दोन गोष्टी बघायला सांगितल्या. स्टान्समध्ये बॅटचं टोक मागच्या पायाच्या बोटांजवळ टेकवल्यावर दांड्याचं वरचं टोक पुढच्या पायाच्या मांडीच्या वरच्या भागापर्यंत यावं, पोटात टोचू नये. आणि फक्त वरच्या हाताने बॅट मागे उचलून थोडा वेळ स्थिर धरता यावी, मनगट वाकू नये. शिबिरातल्याच एका मुलाकडून पाच नंबरची बॅट मिळाली आणि ती बसली.

ग्रिपसाठी जुनाच उपाय केला. बॅट जमिनीवर पालथी ठेवायची, दांडा स्वतःकडे. वाकून, कुऱ्हाड उचलतो तशी दोन्ही हातांनी उचलायची, डावा हात वर, उजवा खाली, मध्ये फट नाही. हात वरून येतात, त्यामुळे व्ही आपोआप पाठीकडे राहतात. मग बोट न सोडता तसंच स्टान्समध्ये उभं राहायचं. शिवाय रबरी ग्रिपवर, उंचवटा आणि बाहेरची कड यांच्या मध्ये मार्करने एक उभी रेघ ओढायला लावली. फोटोत व्ही रेघेवर आहेत की नाहीत हे ताईलाही कळू लागलं. वरचा हात घट्ट आणि खालच्या हाताचा अंगठा व तर्जनीच काय ती पकड, हे नुसतं तोंडी सांगून मुलांच्या अंगवळणी पडत नाही. त्यासाठी टेनिस बॉल टप्पा देऊन एकट्या वरच्या हाताने सरळ मारायला लावला आणि मग खालचा हात नुसता टेकवायला सांगितलं.

आता तिसरा दोष. बोलरच्या बाजूने नव्याने काढलेल्या फोटोवर मी नाकापासून खाली एक उभी रेघ ओढली. ती बुटांच्या टोकांच्या बरीच पुढे, ऑफच्या बाजूला पडत होती. डोळ्यांची ओळही तिरकी होती. डोकं असं ऑफला पडलं, की पॅडवर येणारा सरळ चेंडू खेळायला बॅट पुढच्या पायाला वळसा घालून आणावी लागते. ती उशिरा येते आणि मूल पायचीत होतं. ‘डोकं सरळ ठेव’ म्हटल्याने मान ताठ होते, बाकी काही बदलत नाही. तो बॅट कुठे टेकवतो ते मी पाहिलं. लांब बॅटच्या सवयीने तो टोक पायांपासून वीतभर पुढे टेकवत होता. हात तिकडे गेले, पाठोपाठ खांदे आणि डोकंही. टोक मागच्या पायाच्या करंगळीमागे आणायला सांगितलं. पुढच्या फोटोत रेघ बुटांच्या टोकांवर आली. मान हलवायला कोणी सांगितलं नव्हतं.

पायांतलं अंतर खांद्याइतकं होतं, ते ठीकच. वजन टाचांवर आहे का, हे फोटोत नीट कळत नाही. म्हणून ताईने त्याच्या छातीला हलकेच मागे ढकलून पाहिलं. तो लगेच मागे गेला. गुडघे थोडे सैल करून वजन पंजांवर घेतल्यावर तसं होईना.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून करून घेतली. पोझ देताना मूल सगळं नीट धरतं आणि चेंडू येताना जुनीच ग्रिप परत येते. म्हणून ताईला नेटमध्ये व्हिडिओ काढून, बोलरच्या हातातून चेंडू सुटतो त्या क्षणाची चौकट थांबवायला सांगितली. वेस्ट इंडिजचा फलंदाज शिवनारायण चंदरपॉल बोलरकडे तोंड करून उभा राहायचा, पण चेंडू सुटेपर्यंत तो आत येऊन बराच साइड-ऑन झालेला असायचा. भाच्याच्या त्या चौकटीत डोकं जागेवर होतं, हातही जवळ होते, फक्त उजव्या हाताचा व्ही रेघेवरून अर्ध्या बोटाने आत सरकलेला. त्यासाठी नेटमध्ये जाण्याआधी एका हाताचे फटके सध्या चालू आहेत.