टेकाडावरचा प्लॉट, अपडेट ३: वीस आरचे साडेबावीस झाले

मागच्या वेळी सांगितलं होतं ना, रामटेकच्या साइडला मामाचा टेकाडावरचा तुकडा आहे आणि पावसाआधी त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर काथ्याची जाळी टाकून गवताचं बी पेरायचंय. तर जाळी कमी पडली. २० रोल नेले होते, उजवीकडे जवळपास दहा मीटर रुंदीचा पट्टा उघडाच राहिला. वर मे महिन्याचं ऊन, विचारू नका.

चूक माझीच. सातबाऱ्यावर २० आर, म्हणजे २००० चौरस मीटर, नकाशात आडवा ४० मीटर आणि चढाच्या दिशेने ५०. वरचा अर्धा म्हणजे १०००, एका रोलमधे ५० चौरस मीटर जाळी, झाले २० रोल. पण सातबाऱ्यावरचं क्षेत्रफळ सपाट असतं, म्हणजे टेकाडाची सावली भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात जेवढी पडेल तेवढं, आणि जाळी तर जमिनीला चिकटून चढत जाते.

मग घरी येऊन चांदा, दोरा आणि एक नट घेऊन कोन मोजायचं यंत्र बनवलं. भाच्याला काठी घेऊन वर उभं केलं, काठीवर माझ्या डोळ्याच्या उंचीवर लाल टेप लावली आणि खालून त्या टेपवर नेम धरला (भाच्याच्या डोक्यावर नेम धरला तर तो माझ्यापेक्षा बुटका असल्याने कोन कमी येतो, हे पहिल्या दिवशी करून बसलो होतो). खालच्या २५ मीटरचा उतार १५ अंश, वरच्या २५ चा ३५ अंश.

आता सपाट क्षेत्रफळाला cos ने भागायचं. वरचा भाग १००० भागिले ०.८१९ म्हणजे १२२१, खालचा १००० भागिले ०.९६६ म्हणजे १०३५, एकूण २२५६. लक्षात घ्या, ताणली जाते ती फक्त चढाची बाजू, आडवे ४० मीटर ४०च राहतात. मी आधी दोन्ही बाजूंना भागलं होतं आणि आकडा उगाच फुगला होता.

हे हाताने नीट आलं, पण स्प्रेडशीटमधे टाकलं तर वरच्या भागाचं उत्तर आलं उणे ११०७! उणे जमीन, म्हणजे मामाने शेजाऱ्याचीच उधार घेतली की काय. झालं असं की COS ला कोन रेडियनमधे लागतो आणि मी अंश देत होतो. बरोबर असं लिहायचं:

```
=1000/COS(RADIANS(35))
```

उणे आलं म्हणून तरी कळलं. खरा धोका वेगळा आहे. आळस करून दोन्ही उतारांची सरासरी २५ घेतली आणि RADIANS विसरलो तेव्हा २०१८ आलं, जे बघून कोणालाही खरंच वाटेल. बरं RADIANS लावून तीच सरासरी घेतली तरी २२०७ येतं, म्हणजे पन्नासेक चौरस मीटर कमीच, कारण उतार वाढतो तसा फरक सारख्या प्रमाणात वाढत नाही, शेवटी शेवटी झपाट्याने वाढतो. १५ चे १६ अंश मोजले तर १००० मागे फक्त ५ चौरस मीटर वाढतात, ३५ चे ३६ केले की १५. म्हणून तुकडे पाडून मोजा आणि जिथे खडा चढ तिथे दोनतीनदा मोजा.

पडताळायला टेप थेट जमिनीवरून टाकली, वरच्या भागात खुंटी ते खुंटी साडेतीस मीटर आली, गुणिले ४० म्हणजे १२२०. जमलं. (ही टेपवाली लांबी घेतली असेल तर परत cos ने भागू नका राजेहो, उतार त्यात आधीच आलाय.)

जाळीचा नवा हिशोब मग पट्ट्यांवरून केला. रोल २ मीटर रुंद, दोन पट्ट्या एकमेकींवर १० सेंटिमीटर चढवल्या की ४० मीटरला २१ पट्ट्या लागतात, प्रत्येकी साडेतीस मीटर अधिक वर चरीत दाबायला एक मीटर. ६६१.५ मीटर होतात, रोल २५ मीटरचा, म्हणजे २७ रोल. सात अजून आणायचे आहेत.

मामा कागद बघून म्हणे, "काहून बे, सातबाऱ्यावर वीस आर, मंग तुह्या कागदावर साडेबावीस कसे? विकताना हेच दाखवू का?" नाही मामा, विकताना वीसच. झाडंही मी वीस आरच्याच हिशोबाने लावणार आहे, कारण झाड उभं सरळ वाढतं आणि ऊन वरून येतं, दोन झाडांतलं अंतर टेप आडवी धरूनच मोजायचं. वाढलेलं क्षेत्रफळ फक्त जाळी आणि गवताच्या बियांना. बी पण १००० वर मोजून आणलं होतं, तेही कमी पडणार, म्हणून उरलेलं आणायला उद्या परत दुकानात.