केकसोबतची चिठ्ठी : चौथा खर्डा

मागच्या महिन्यापर्यंत माझ्या क्रीम केकच्या डब्यावर एकच ओळ असायची, ‘फ्रिजमध्ये ठेवा, लवकर संपवा.’ लवकर म्हणजे किती, ते ज्याचं त्याने ठरवायचं. मग एका ताईंनी बोलता बोलता सांगितलं की शनिवारी नेलेल्या आंबा केकचा शेवटचा तुकडा त्यांनी मंगळवारी मुलीला शाळेच्या डब्यात दिला. मुलीला काही झालं नाही, पण त्या रात्री मी चिठ्ठी नव्याने लिहायला घेतली.

आधी वेळ. मी पूर्वी केक दिल्यापासून तास मोजायचे. पण स्पंजला साखरेचं पाणी लावून क्रीम आणि आंबा भरला, की घड्याळ तिथेच सुरू होतं. रात्री भरलेला केक सकाळी अकराला गेला तर बारा तास माझ्याच फ्रिजमध्ये संपलेले असतात. म्हणून आता डब्यावर भरल्याची तारीख आणि वेळ लिहिते.

दुसरं, फ्रिजबाहेरचा वेळ. अर्ध्या किलोचा केक 4 अंशांवर गार केला आणि थर्मामीटरची सुई खोचून टेबलावर ठेवला. खोलीत 33 अंश होते. तासाभरात बाहेरचं क्रीम 19 अंशांवर गेलं, मधला थर मात्र 9 वरच होता. डब्यासकट परत फ्रिजमध्ये ठेवल्यावर बाहेरचं क्रीम पुन्हा 5 अंशांखाली यायला दोन तासांहून जास्त लागले, कारण पुठ्ठ्याचा डबा गारवाही अडवतो. म्हणजे ‘थोडा वेळच बाहेर होता’ असं आपण म्हणतो, तेव्हा क्रीम त्याच्या कितीतरी जास्त वेळ कोमट असतं.

इथे नॉन-डेअरी क्रीम फसवतं. दुधाचं क्रीम उन्हाळ्यात ढिलं पडतं, फुलं बसतात, आपल्याला कळतं. नॉन-डेअरीतली वनस्पती चरबी आकार धरून ठेवते, त्यामुळे केक दिसायला ताजाच राहतो. आतला ओला स्पंज आणि फळ मात्र तेवढंच तापलेलं असतं. कापताना हाताचे जंतू क्रीममध्ये गेले आणि ते कोमट राहिलं, तर काही जंतू असं विष तयार करतात ज्याला वास नाही, चव नाही. म्हणून ‘वास घेऊन बघा’ हे वाक्य मी चिठ्ठीतून काढलं.

ॲलर्जीचं लिहिताना तर मीच हादरले. एका आईने विचारलं, ‘ताई, बाळाला दुधाची ॲलर्जी आहे, तुमचं क्रीम नॉन-डेअरी आहे ना?’ मी हो म्हणणार होते. तरी खोका उलटून बारीक अक्षरं वाचली, तर त्यात सोडियम केसिनेट! ते दुधातलंच प्रथिन. दुधाच्या ॲलर्जीत शरीराला नेमकं प्रथिनच चालत नाही. दुधातली साखर न पचणं हा वेगळा त्रास आहे. ती ऑर्डर मी घेतली नाही. एगलेसचंही तसंच आहे. अंड्याऐवजी मी दही आणि कंडेन्स्ड मिल्क घालते, म्हणजे दूध उलट वाढतंच.

चौथा खर्डा असा झाला:

‘नमस्कार. तुमचा केक डब्यावर लिहिलेल्या वेळी भरला आहे. ताजं फळ असलेला केक त्या वेळेपासून 24 तासांत, फळ नसलेला 48 तासांत संपवा. घरी नेल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा, दारातल्या कप्प्यात नको. केक गाडीत, टेबलावर आणि कापताना मिळून एकूण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. उन्हाळ्यात एकच तास. त्याहून जास्त राहिला तर परत फ्रिजमध्ये न ठेवता टाकून द्या. उरेल असं वाटलं तर मेणबत्त्या लावण्याआधीच तेवढा भाग कापून बाजूला ठेवा.

या केकमध्ये गहू आणि दूध आहे. नॉन-डेअरी क्रीममध्येही दुधाचं प्रथिन असतं. चॉकलेट असल्यास त्यात सोया लेसिथिन असू शकतं. माझ्या स्वयंपाकघरात अंडी, बदाम, पिस्ते आणि शेंगदाणे त्याच बीटर-नोझलच्या आसपास वापरले जातात. यापैकी कशाचीही ॲलर्जी घरात कुणाला असेल तर ऑर्डर देण्याआधी सांगा. मला जमणार नसेल तर मी स्पष्ट नाही म्हणेन.’

24 आणि 48 तास ही माझ्या फ्रिजसाठी आणि माझ्या पाककृतींसाठी मी मुद्दाम कमी धरलेली मर्यादा आहे. तुमच्या क्रीमच्या खोक्यावर फेटल्यानंतरची मुदत वेगळी दिली असेल तर ती आधी बघा. आंबा केकसाठी फोडी क्रीमच्या थरात न भरता वरून ताज्या घालून पाहतेय. सुई पुढच्या रविवारी पुन्हा खोचणार आहे.