आई संध्याकाळी बरी दिसायची

माझ्या आईला नैराश्य आहे हे मान्य करायला आमच्या घराला पाच महिने लागले. डॉक्टरांना ते वीस मिनिटांत कळलं. या पाच महिन्यांत नातेवाईक जे जे बोलले ते मी अजून विसरलेले नाही. ज्यांच्या घरात आज तसंच चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय.

आई 54 वर्षांची. सातारा जिल्ह्यात आमचं घर, थोडी शेती. मी लग्नानंतर पुण्यात असते. फेब्रुवारीपासून आई फोनवर एवढंच म्हणायची, "अंग दुखतंय, डोकं जड आहे, जेवण जात नाही." मन दुखतंय असं तिनं कधीच म्हटलं नाही. म्हणून आम्ही आधी गेलो ते फॅमिली डॉक्टरांकडे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी 12, पोटाची सोनोग्राफी असं सगळं झालं. हिमोग्लोबिन थोडं कमी, बाकी नॉर्मल. या तपासण्या व्हायलाच हव्यात, कारण थायरॉइड कमी असलं तरी माणूस असाच मलूल होतो. पण रिपोर्ट नॉर्मल आले आणि घरात त्याचा अर्थ निघाला की हिला काहीच झालेलं नाही. तोवर वजन 58 वरून 52 वर आलं होतं.

फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावानं चिठ्ठी दिली. ती तीन आठवडे बाबांच्या शर्टाच्या खिशात होती. "लोक काय म्हणतील" हे बाबा तोंडानं बोलले नाहीत, पण चिठ्ठी बाहेरही काढली नाही.

जूनमध्ये मी घरी गेले तेव्हा सकाळी आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, पुढ्यात मेथीची जुडी. मी आंघोळ करून आले, चहा घेतला, ऑफिसचा एक कॉल उरकला. परत आले तेव्हा ती तशीच होती. ताटात चार-पाच पानं. जुडीची दोरी एका हाताच्या बोटाला गुंडाळलेली, आणि ते बोट लाल झालं होतं. मी दोरी सोडवली तेव्हा ती म्हणाली, "कुठलं पान आधी काढायचं तेच सुचंना." चाळीस वर्षं मेथी निवडलेली बाई. मी त्याच दिवशी बाबांच्या खिशातून चिठ्ठी काढली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्याची वेळ घेतली.

मानसोपचारतज्ज्ञांनी आधी आईशी एकटीशी बोलून घेतलं, मग नऊ प्रश्नांचा एक तक्ता भरला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात रस वाटतो का, स्वतःबद्दल काय वाटतं, असे प्रश्न. एकूण गुण 27 असतात, आईचे 19 झाले. शेवटचा प्रश्न मरणाबद्दलचा. डॉक्टरांनी तो सरळ विचारला आणि आई म्हणाली, "झोपेतच गेले तर सुटेन, असं वाटतं." मी शेजारी होते. मला पाच महिने तो प्रश्न विचारायची भीती वाटत होती, विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं यायचं म्हणून. डॉक्टर म्हणाले, तसं होत नाही, विचारल्यानं माणूस मोकळा होतो. आईच्या मनात पुढचं काही ठरलेलं नव्हतं. तरी त्यांनी दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या. गोळ्या घरच्यांच्या ताब्यात ठेवायच्या आणि शेतीची औषधं घरातून हलवायची. आमच्या माळ्यावर फवारणीचे दोन डबे होते. ते त्याच संध्याकाळी शेतावरच्या खोलीत कुलपात गेले. बाबांनी किल्ली करदोट्याला बांधली.

औषध असं होतं: एस्सिटालोप्राम, पहिला आठवडा 5 मिलिग्रॅम, नंतर 10. झोपेसाठी एक छोटी गोळी, तीही दोनच आठवडे, मग कमी करत बंद. हे आईचं औषध आहे, दुसऱ्या कुणी यावरून डोस ठरवू नये. महत्त्वाचं ते डॉक्टरांनी पुढं सांगितलं: पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, पोट बिघडणं, बेचैनी हा त्रास आधी होतो, आणि मनाला उतार पडायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे सुरुवातीचे दिवस माणूस आधीपेक्षा वाईट दिसतो. आमचं घोडं नेमकं इथंच अडलं.

सहाव्या दिवसापासून आईला मळमळायला लागलं. नवव्या दिवशी मामा आला. मी त्या दिवशी ऑफिससाठी पुण्याला गेले होते. मामा आईचा धाकटा भाऊ, जीव लावणारा. तो म्हणाला, "अक्काला या गोळ्यांनीच आजारी पाडलंय. झोपेच्या गोळ्यांवर ठेवलंय तिला. माहेरची हवा लागू दे." बाबांना नाही म्हणता आलं नाही. आईची पिशवी भरली आणि गोळ्यांची पाकिटं फ्रिजवर राहिली. राहिली की ठेवली, ते मी कधी विचारलं नाही.

रोज संध्याकाळी सातला मामाचा फोन. "अक्का झकास आहे. आत्ता अर्धी भाकरी खाल्ली, पोरांशी बोलत बसलीय. तुम्ही शहरातली माणसं उगाच डोक्यात घेता." माझी थोरली आत्याही हेच म्हणायची, कारण तीही नेहमी संध्याकाळी यायची. आई तिला चहा करून द्यायची, दोन शब्द बोलायची. आत्या बाहेर पडताना मला म्हणायची, "अगं, हिला काय धाड भरलीय? कामाचा कंटाळा आहे. तू येतेस, जवळ बसतेस, म्हणून जास्तच करते." तिच्या लेखी आई सगळ्यांचं लक्ष वेधून घेत होती. मामाच्या लेखी ती मनानं कच्ची होती. "आमच्या आईनं बाळंतपणं शेतात काढली," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

पाचव्या दिवशी पहाटे मामीचा फोन आला, हळू आवाजात. "ताई, वन्सं रोज साडेतीनला उठून गोठ्यापाशी कट्ट्यावर बसतात. हाक मारली तरी ओ देत नाहीत. दहापर्यंत तशाच. ह्यांना सांगितलं तर म्हणतात संध्याकाळी बरी असते की."

मी तडक जाऊन आईला घेऊन आले आणि डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, पहाटे तीन-चारला जाग येणं, परत झोप न लागणं, सकाळ सगळ्यात जड जाणं आणि दिवस कलेल तसं थोडं हलकं होणं, ही या आजाराची अनेकांत दिसणारी खूण आहे. सगळ्यांचं असं नसतं, काहींना संध्याकाळच जड जाते. पण आईचं घड्याळ असं होतं. पाहुण्यांची यायची वेळ आणि तिचा बरा वेळ एकच. त्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं, अर्धंच होतं. मग मलाही कळलं की मी आत्तापर्यंत कुठलं भांडण भांडत होते. गोळ्या मात्र पुन्हा 5 मिलिग्रॅमपासून, आणि चार-सहा आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. माहेरची हवा आईला जवळजवळ दोन आठवड्यांना पडली. याचा राग मला आजही येतो.

त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं. आत्याला फोन केला, "तीन दिवस राहायला या, मला मदत हवीय." आजार हा शब्दही काढला नाही. तिची गादी आईच्या खोलीत घातली. पहिल्या पहाटे आत्या उठली तेव्हा आई अंधारात पलंगाच्या कडेला बसून हात चोळत होती. दुसऱ्या पहाटे तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं तिला दात घासायला नेलं, कारण आईला उठून तिथवर जाणं जमेना. नाश्त्याला आत्या काही बोलली नाही. मग मीच म्हटलं, "दाखवायचंच असतं तर माणसांत केलं असतं ना आत्या. ही पहाटे कुणी नसताना अशी असते आणि तुम्ही आलात की पदर खोचून चहा करते. ही लपवतेय." आत्या रडली. तिनं मला सांगितलं की तिच्या सासूचंही असंच होतं आणि घरात तिला आळशी म्हणायचे.

हे आधी लिहायला हवं होतं: डॉक्टरांकडे जाताना ज्याचा घरात शब्द चालतो त्याला बरोबर न्या, आणि त्याच्यासाठी डॉक्टरांची दहा मिनिटं वेगळी मागून घ्या. बाबांसाठी मी ती दुसऱ्या भेटीत मागितली. पहिल्याच भेटीत मागायला हवी होती. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "झोप किती, वजन किती कमी झालं, हे तिला ठरवून करता येईल का?" सहा किलोचा आकडा बाबांच्या मनाला लागला. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ गोळी तेच मोजून द्यायला लागले आणि वहीत तारीख घालायला लागले. मामानं परत "न्यायला येतो" म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले, "ये, पण वही घेऊन जा." तो आला नाही.

आणखी एक आठवलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आईची झोप आणि भूक आधी सुधारली, हालचाल वाढली, पण बोलणं निराशच होतं. घरचे खूष झाले. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की अंगात बळ आधी येतं आणि मन मागून येतं, त्या मधल्या दिवसांत माणसाला एकटं सोडू नका. आम्ही पाळी लावली. एका रात्री आई फार बोलेना, तेव्हा मी 14416 लावला. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. त्या बाईंनी माझ्याशी आणि मग आईशी शांतपणे बोलून सकाळी डॉक्टरांना काय सांगायचं ते ठरवून दिलं.

सहाव्या आठवड्यात आईनं स्वतःहून विचारलं, "भुईमुगाची काढणी कधी आहे?" सप्टेंबरअखेर तक्त्यातले गुण 7 झाले.

आता सगळे म्हणतात, बरी झाली की, कशाला गोळ्या? मामा तर म्हणतोच, सवय लागेल. डॉक्टरांनी बरं वाटल्यापासून निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायला सांगितलीय, आणि बंद करायची तर त्यांच्या सांगण्यानं, हळूहळू. आईची जूनपर्यंत चालेल. मामाचं मत बदललेलं नाही, मीही आता बदलायला जात नाही. दिवाळीत तो फराळ घेऊन आला, आईजवळ बसला, गोळ्यांवर काही बोलला नाही. तेवढं पुरे होतं.

आत्या मात्र आता सकाळी साडेसातला फोन करते. संध्याकाळी करत नाही.