तीन महिने काम आटलं, मग नोकरी की फ्रीलान्सिंग हे मी कसं ठरवलं

मी वाळूजला बजाजनगरात राहते, फिक्चर डिझाईनचं काम करते. म्हणजे कंपनीत पार्ट वेल्डिंगला किंवा चेकिंगला धरायचा तर तो ज्याच्यात बसवतात त्याचं थ्रीडी मॉडेल आणि ड्रॉइंग काढून द्यायचं. आधी सहा वर्षं नोकरी केली, मुलगा झाल्यावर सोडली आणि गेली तीन वर्षं घरूनच टूलरूमवाल्यांची कामं घेत होते. मागच्या आर्थिक वर्षात १० लाख ८० हजार आले, म्हणजे बरं चाललं होतं. आणि यावर्षी एप्रिल ते जून तीन महिने मिळून फक्त ९६ हजार. मागच्या वर्षी याच तीन महिन्यांत २ लाख ८५ हजार आले होते, त्यामुळे सीझनच मंद असतो असंही म्हणता येईना.

त्यातच जुलैमध्ये जुन्या सरांचा फोन आला, आमच्याकडं डिझाईनला जागा आहे, येतेस का. वर्षाला ८ लाख ४० हजारचं पॅकेज आणि दहा दिवसांत कळव म्हणाले.

पहिले दोन दिवस तर मी नुसती ७० हजार महिना आणि ९० हजार महिना अशी तुलना करत बसले, जी साफ चुकीची होती. पॅकेजमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, ग्रॅच्युइटी धरलेली असते, वर वर्षाअखेरीस मिळेल न मिळेल असा व्हेरिएबल पे. ऑफरचा कागद मागवून एकेक ओळ वजा केली तेव्हा हातात ५२ हजार येतात असं निघालं. पण पीएफ आपलाच असतो, दोन्ही वाटे मिळून महिन्याला ८,४००, आणि व्हेरिएबल मी निम्माच धरला, तर नोकरीची खरी किंमत महिन्याला ६४ हजार. वर्षाचे ७ लाख ६८ हजार.

आता उलट बाजू. घरून काम करते तर सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, लॅपटॉपची झीज, नेट, इन्व्हर्टर आणि घरच्यांचा मेडिक्लेम असं सगळं धरून वर्षाला २ लाख १८ हजार माझ्या खिशातून जातात, नोकरीत हे कंपनीकडं. नोकरी केली तर पोराला शाळेनंतर पाळणाघरात ठेवावं लागेल, त्याचे ५४ हजार. ही बेरीज वजाबाकी केल्यावर आकडा आला ९ लाख ३२ हजार, म्हणजे फ्रीलान्सिंगमध्ये वर्षाला इतके आले तर ते नोकरीच्या बरोबरीला. हा एक आकडा सापडल्यावर डोकं जरा शांत झालं, कारण मागचं वर्ष त्याच्या वर होतं आणि शेवटचे बारा महिने, म्हणजे जुलै ते जून, ८ लाख ९१ हजार होते. फार खाली नव्हते.

मग प्रश्न असा की काम कमी झालंय का पैसे अडकलेत. आपण बँकेचं पासबुक बघतो आणि घाबरतो, पण त्यात दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. बिलं काढून बसले तर माझे १ लाख ६४ हजार एकाच पार्टीकडं थकलेले होते, त्यातले ७२ हजार तर मार्चच्या बिलाचे. त्यांच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, ९० दिवसांची मुदत छापलेली असते म्हणून मी गप्प बसायची. पण सूक्ष्म उद्योग म्हणून माझं उद्यम रजिस्ट्रेशन आधीपासून आहे आणि अशा उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, पीओवर काहीही छापलं तरी. आणि २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्ये 43B(h) हे कलम आलं, त्यानुसार मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना त्या वर्षात धरता येत नाही, ज्या वर्षी देतील त्या वर्षी धरावा लागतो. मी त्यांच्या अकाउंट्सला साधा मेल केला, भांडण नाही, उद्यमचं सर्टिफिकेट जोडलं आणि मार्चच्या बिलाची तारीख लिहिली. त्यांचं ऑडिट चालूच होतं. नऊ दिवसांत ७२ हजार आले, टीडीएस कापून. बाकीच्या ९२ हजारांचे दोन हप्ते ठरवून दिले. मेल पाठवताना हात थरथरत होता, पुढं काम देतील का नाही म्हणून, पण हे मी एक वर्ष आधी करायला पाहिजे होतं.

पैसे सुटले तरी काम कमी झालंच होतं. एप्रिल-जूनमध्ये नवीन बिलं फक्त १ लाख ३८ हजारांची. इथं मला कोटेशनची फाईल कामाला आली. मागच्या वर्षी या काळात १४ कोटेशन दिली होती, ९ कामं मिळाली. यावर्षी ६ दिली, ३ मिळाली. म्हणजे माझे रेट जास्त झालेत किंवा काम आवडत नाही असं काही नव्हतं, विचारणाच येत नव्हती. चौकशी केली तर कळलं की माझ्या सगळ्यात मोठ्या पार्टीच्या गिऱ्हाईकानं बाजारात आणायचं नवीन मॉडेल पुढं ढकललंय, आणि मॉडेल ढकललं की सगळ्यात आधी आमचं डिझाईनचं काम थांबतं, मशीनवरची कामं तर जुन्या ऑर्डरवर आणखी दोन-तीन महिने चालतात. वर त्यांनी स्वतःचा डिझायनर पण घेतलाय. हे कळल्यावर मात्र पोटात गोळा आला, कारण मॉडेल परत सुरू होईल पण ते काम माझ्याकडं येणार नाही.

माझ्या १० लाख ८० हजारांतले जवळपास ६ लाख त्या एका पार्टीचे होते. अंबाजोगाईला अण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अगं बाई, तू तर सगळ्या रानात सोयाबीनच पेरलंस की." त्यांनी स्वतः दोन वर्षांपासून निम्म्यात तूर घ्यायला सुरुवात केलीय.

ती पार्टी सोडून बाकीच्यांचे उरतात पावणेपाच-पाच लाख, पाहिजेत ९ लाख ३२ हजार. म्हणजे साडेचार लाखांची नवीन गिऱ्हाईकं शोधायची. शोधता येतील, चिकलठाण्याला दोघं बोलायलेत पण. पण किती दिवसांत? जुन्या फायली बघितल्या. पहिल्या फोनपासून सँपल ड्रॉइंग, मग व्हेंडर कोड, मग पीओ, मग काम आणि मग क्रेडिट संपून पैसे, याला माझ्या प्रत्येक नवीन पार्टीला चार ते पाच महिने लागलेत. घरात माझा वाटा महिन्याला ३८ हजार आणि एफडी २ लाख ४० हजारांची, म्हणजे सहा महिने. एखादं आजारपण निघालं किंवा एक पीओ लांबला की संपलं. ह्यांनी "तू म्हणशील तसं" असं म्हणून दिलं होतं, पण त्यांच्या एकट्याच्या पगारावर घराचा हप्ता आणि घरखर्च भागत नाही हे दोघांनाही माहितीय.

एफडी बारा महिन्यांची असती तर मी सरांना नाही म्हणाले असते, हे खरंच सांगते. मला हे काम आवडतं आणि सोडताना वाईट वाटायलंय.

आठव्या दिवशी हो म्हणून कळवलं. त्याआधी दोन गोष्टी विचारून घेतल्या, नोटीस पिरियड किती (६० दिवस) आणि रविवारी बाहेरचं काम चालेल का. नाही म्हणाले, अपॉइंटमेंट लेटरमध्येच तशी अट आहे, त्यामुळं छोट्या तीन पार्ट्यांना मी स्वतः फोन करून सांगितलं आणि सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीचा नंबर दिला. सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन नोव्हेंबरात संपतंय, रिन्यू करणार नाही.

महालक्ष्म्या उठल्या की ३ सप्टेंबरला जॉईन होतेय. ९२ हजारांतला पहिला हप्ता आलाय, दुसरा महिनाअखेरीस. आणि एका चेकिंग फिक्चरचे क्लॅम्प तेवढे बाकी आहेत, ते ड्रॉइंग २८ तारखेच्या आत द्यायचंय.