देले ए२ची तयारी : भूतकाळ, ‘मग’ आणि ‘तेव्हा’

देले ही स्पॅनिश भाषेची परीक्षा. तिच्या ए१ या पहिल्या पातळीच्या अभ्यासक्रमात भूतकाळ जवळजवळ नसतोच, वर्तमानकाळावर सगळं निभावतं. ए२ला मात्र तीन भूतकाळ एकदम अंगावर येतात : अजून न संपलेल्या कालखंडातल्या गोष्टीसाठी पेर्फेक्तो, पुऱ्या झालेल्या घटनेसाठी इन्देफिनीदो आणि त्या वेळी चालू असलेल्या परिस्थितीसाठी इम्पेर्फेक्तो. गेले काही आठवडे मी बाकी सगळं बाजूला ठेवून यातल्या शेवटच्या दोघांच्याच मागे आहे, कारण लेखनाच्या परीक्षेत ते सगळ्यात जास्त लागतात. ४५ मिनिटांत दोन मजकूर लिहायचे असतात. दुसरा ७० ते ८० शब्दांचा, आणि त्यात बहुतेकदा घडलेलं काहीतरी सांगायचं असतं : एखादी सहल, एखादा वाढदिवस, कुणाचं तरी आयुष्य. लेखन आणि वाचन यांचे गुण एकाच गटात धरले जातात आणि त्या गटात ५०पैकी किमान ३० लागतात. म्हणजे काळांचा घोळ घालून चालणार नाही.

(स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिताना ‘ब’ आणि ‘व’ या दोन्ही अक्षरांसाठी मी ‘ब’च वापरते, कारण उच्चारात फरक नाही.)

बहुतेक पुस्तकं सुरुवातीलाच खुणेच्या शब्दांची यादी देतात. ‘आयेर’ म्हणजे काल, ‘ला सेमाना पासादा’ म्हणजे गेल्या आठवड्यात, हे दिसले की इन्देफिनीदो. ‘सिएम्प्रे’ म्हणजे नेहमी, ‘तोदोस लोस दिआस’ म्हणजे रोज, हे दिसले की इम्पेर्फेक्तो. गाळलेल्या जागा भरताना ही यादी उपयोगी पडते. स्वतः लिहायला बसलं की ती दगा देते. ‘आयेर आसिआ फ्रिओ’, काल थंडी होती, हे वाक्य अगदी बरोबर आहे. आयेर आहे आणि तरी इम्पेर्फेक्तो आहे. उलट ‘ला सेमाना पासादा फुई आल खिम्नासिओ तोदोस लोस दिआस’, गेल्या आठवड्यात मी रोज व्यायामशाळेत गेले, यात रोज आहे आणि तरी इन्देफिनीदो आहे, कारण तो आठवडा दोन्ही बाजूंनी बंद झालाय. काळ ठरवतो तो बोलणाऱ्याचा दृष्टिकोन : मी या गोष्टीकडे पुरी झालेली घटना म्हणून बघतेय, की त्या वेळी चालू असलेली परिस्थिती म्हणून?

हा फरक मराठीत आपल्याकडे आधीपासून आहे, हे लक्षात आल्यावर माझं काम खूप हलकं झालं. ‘गेले’ वेगळं, ‘जात होते’ वेगळं, ‘जायचे’ वेगळं. मराठीतली शेवटची दोन स्पॅनिशमध्ये एकाच इम्पेर्फेक्तोत मावतात. ‘बालपणी आम्ही दर रविवारी आजीकडे जायचो’ यातलं ‘जायचो’ म्हणजे ‘इबामोस’, आणि ‘आम्ही आजीकडे जात होतो तेव्हा गाडी बंद पडली’ यातलं ‘जात होतो’ म्हणजेही ‘इबामोस’. ‘गाडी बंद पडली’ मात्र इन्देफिनीदो. इंग्रजीमार्गे स्पॅनिश शिकताना हा फरक नव्याने समजून घ्यावा लागतो. थेट मराठीतून विचार केला तर निम्मं आधीच जमलेलं असतं.

त्यावरून मी एक कसोटी बनवली आणि आता तिच्यावरच लिहिते. दोन वाक्यांच्या मध्ये मनात ‘आणि मग’ घालून बघायचं. गोष्ट पुढे सरकली तर दुसरं वाक्य इन्देफिनीदोत. ‘मग’ बसत नसेल आणि ‘तेव्हा’ बसत असेल, म्हणजे गोष्ट जागीच थांबून आजूबाजूचं दाखवत असेल, तर इम्पेर्फेक्तोत.

सरावासाठी एक सहल घेतली. आधी फक्त ‘मग’वाली वाक्यं लिहिली, नुसता सांगाडा : समुद्रकिनाऱ्यावर गेलो, पाऊस सुरू झाला, गाडीकडे धावलो, किल्ल्या शोधल्या, सापडल्या, घरी पोचलो. सगळं इन्देफिनीदोत. मग दुसऱ्या फेरीत ‘तेव्हा’वाली वाक्यं मध्ये भरली : ऊन होतं, खूप माणसं होती, आम्ही जेवत होतो, किल्ल्या आनाकडे नव्हत्या, वाळूत होत्या. हे सगळं इम्पेर्फेक्तोत. शेवटी मजकूर असा झाला :

‘एल साबादो पासादो फुई आ ला प्लाया कोन मिस आमिगोस. आसिआ सोल इ आबिआ मुचा खेंते. एस्ताबामोस कोमिएंदो क्वांदो एम्पेसो आ योबेर. कोरिमोस आल कोचे, पेरो आना नो तेनिआ लास याबेस. लास बुस्कामोस मेदिआ ओरा इ पोर फिन लास एन्कोन्त्रामोस : एस्ताबान एन ला आरेना. येगामोस आ कासा मुइ तार्दे. फुए उन दिआ दिबेर्तिदो.’

हे पन्नासेक शब्द झाले. उरलेल्या वीसेक शब्दांत सांगाडा वाढवायची गरज नाही, दृश्य वाढवलं तरी पुरतं : समुद्र कसा होता, कुणी काय घातलं होतं. परीक्षेत मला हीच जागा सोयीची वाटते. इम्पेर्फेक्तोची रूपं सोपी आहेत, अनियमित क्रियापदं फक्त तीन (सेर, इर आणि बेर, म्हणजे एरा, इबा, बेइआ), त्यामुळे शब्दसंख्या तिथे भरून काढली की चुकायचा धोका कमी राहतो.

या मजकुरात दोन जागा मराठी माणसाने थांबून बघण्यासारख्या आहेत.

पहिली, ‘लास बुस्कामोस मेदिआ ओरा’. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘आम्ही अर्धा तास शोधत होतो’. ‘शोधत होतो’ ऐकून हात आपोआप ‘बुस्काबामोस’कडे जातो. पण स्पॅनिशला तिथे इन्देफिनीदो हवा, कारण अर्धा तास हे माप दिलं आहे. किती वेळ किंवा किती वेळा हे मोजून सांगितलं की ती गोष्ट बंद झाली, मग ती कितीही लांब चालली असो. ‘बिबी त्रेस आन्योस एन सेबिया’, मी सेविल्यात तीन वर्षं राहिले, हे इन्देफिनीदोत. ‘बिबिआ एन सेबिया क्वांदो कोनोसी आ आना’, मी सेविल्यात राहत होते तेव्हा आनाची ओळख झाली, यात माप नाही, राहणं नुसती पार्श्वभूमी आहे, म्हणून इम्पेर्फेक्तो. ‘लांब क्रिया म्हणजे इम्पेर्फेक्तो, छोटी क्रिया म्हणजे इन्देफिनीदो’ हा बऱ्याच ठिकाणी सांगितला जाणारा नियम इथे मोडतो. शतकभर चाललेली गोष्टसुद्धा इन्देफिनीदोत येते, जर ती ‘शंभर वर्षं चालली’ असं सांगत असू.

दुसरी जागा शेवटचं वाक्य. ‘मजेचा दिवस होता.’ ‘ऊन होतं’, ‘माणसं होती’ आणि ‘मजेचा दिवस होता’, मराठीत तिन्हीकडे ‘असणे’चीच रूपं आहेत. म्हणून ‘एरा उन दिआ दिबेर्तिदो’ असं लिहावंसं वाटतं. पण पहिली दोन वाक्यं गोष्टीच्या आत उभं राहून केलेलं वर्णन आहेत, आणि तिसरा सगळं संपल्यावर मागे वळून दिलेला निकाल आहे. पुऱ्या दिवसाचा, पुऱ्या सहलीचा, पुऱ्या चित्रपटाचा निकाल दिला की ‘फुए’. मजकुराचा शेवट असा एका निकालाने करणं परीक्षेत जवळजवळ सगळेच करतात, त्यामुळे ही एक जागा पक्की करून ठेवायलाच हवी. वय आणि घड्याळाची वेळ मात्र नेहमी इम्पेर्फेक्तोत : ‘तेनिआ दिएस आन्योस’, ‘एरान लास ओचो’.

आता पेर्फेक्तोबद्दल थोडं, कारण तो या दोघांइतका त्रास देत नाही. स्पेनच्या मोठ्या भागात अजून न संपलेल्या कालखंडातली गोष्ट पेर्फेक्तोत सांगतात : ‘ओइ ए कोमिदो मुचो’, आज मी खूप खाल्लं. लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागात तिथेही इन्देफिनीदोच येतो. देलेमध्ये दोन्ही चालतं, फक्त एकाच मजकुरात एक धरून राहावं. मी स्पेनची पद्धत धरली आहे. मराठीत आपण ‘आज सकाळी मी चहा प्यायले’ असा साधा भूतकाळच वापरतो, म्हणून इथे मराठीवर विसंबून चालत नाही. ‘ओइ’ म्हणजे आज, ‘एस्ता सेमाना’ म्हणजे या आठवड्यात, ‘तोदाबिआ नो’ म्हणजे अजून नाही, असे शब्द आले की आधी काळाचं कुंपण बघायचं : आत्ताचा क्षण त्याच्या आत आहे का?

पेर्फेक्तोत मराठीची आणखी एक सवय आडवी येते आणि तिच्याबद्दल कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून नोंदवून ठेवते. आपण ‘पत्र लिहिलं’, ‘चिठ्ठी लिहिली’ असं क्रियापद कर्माप्रमाणे फिरवतो. स्पॅनिश ‘कार्ता’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘ए एस्क्रिता ला कार्ता’ असं लिहायचा मोह होतो. पण पेर्फेक्तोत आबेर या सहायक क्रियापदाबरोबर आलेलं रूप कधीच बदलत नाही, कर्म काहीही असो : ‘ए एस्क्रितो ला कार्ता’, ‘ए एस्क्रितो लास कार्तास’. याउलट आवडण्याच्या बाबतीत मराठी सवय नेमकी कामाला येते. ‘मला चित्रपट आवडला’, ‘मला ती गाणी आवडली’, तसंच ‘मे गुस्तो ला पेलिकुला’, ‘मे गुस्तारोन लास कान्सिओनेस’. तिथे क्रियापद आवडलेल्या गोष्टीप्रमाणेच चालतं.

इन्देफिनीदोच्या रूपांबद्दल एवढंच : अनियमित क्रियापदं एकेक पाठ करण्यापेक्षा मुळं पाठ केली की बस होतं. तेनेरचं तुब, एस्तारचं एस्तुब, पोदेरचं पुद, पोनेरचं पुस, साबेरचं सुप, केरेरचं किस, बेनिरचं बिन. या सगळ्यांना एकच प्रत्ययमाला लागते आणि ‘मी’ आणि ‘तो’च्या रूपात आघात शेवटी येत नाही : तुबे, तुबो. नियमित क्रियापदात मात्र आघात शेवटच्या अक्षरावर असतो, आणि श्रवणाच्या परीक्षेत तोच निर्णायक ठरतो. ‘आब्लो’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असेल तर ‘मी बोलते’, शेवटच्या अक्षरावर असेल तर ‘तो बोलला’. मी ध्वनिफीत ऐकताना फक्त हीच जोडी ऐकायची असा वेगळा सराव ठेवला आहे.

‘आम्ही’च्या रूपात तर आघातही मदतीला येत नाही. ‘आब्लामोस’ म्हणजे ‘आम्ही बोलतो’ आणि ‘आम्ही बोललो’ही, ‘बिबिमोस’चंही तसंच. तिथे शेजारचं क्रियापद बघावं लागतं : त्याच वाक्यात ‘फुइमोस’ किंवा ‘एस्तुबिमोस’ आलं असेल तर भूतकाळ नक्की. पुढच्या टप्प्यात मी हेच धरणार आहे, आणि त्यासोबत ‘साबिआ’ आणि ‘सुपे’ची जोडी, जिथे काळ बदलला की ‘माहीत होतं’चं ‘कळलं’ होतं.